खोलीतली पुडी आणि चार माणसांची अब्रू

ताई, नागपूरला धंतोलीत आमचं २४ खोल्यांचं हॉटेल आहे. आजूबाजूला दवाखाने, त्यामुळे पाहुणे बहुतेक पेशंटचे नातेवाईक. चंद्रपूरच्या एक ताई सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी चार रात्री २०४ मध्ये राहिल्या आणि मंगळवारी सकाळी दहाला गेल्या. आज, बुधवारी संध्याकाळी सातला त्यांचा व्हॉट्सॲप आला: सासूबाईंच्या सोन्याच्या कुड्या कागदाच्या पुडीत ड्रॉवरमध्ये होत्या, त्या आता मिळत नाहीत, "आणि खोलीत तुमच्या झाडूवालीशिवाय कोणी आलं नव्हतं." कुलपाची मशीन पाहिली. मंगळवारी १०:३८ ला मावशींचं कार्ड लागलं, दुपारी दोनला नवीन पाहुण्याला खोली देईपर्यंत दुसरं कोणाचंच नाही. मावशी आमच्याकडे नऊ वर्षांपासून आहेत. भाऊ म्हणतो, "मौल्यवान वस्तूंची जबाबदारी हॉटेलची नाही" असा बोर्ड लावलेला आहे, तेच लिहून मोकळा हो. मॅनेजर म्हणतो, मावशींना घरी बसवा आणि ताईंना तसं कळवा. मी उत्तर लिहिलं होतं: "आमचा स्टाफ अत्यंत प्रामाणिक आहे, आपण कृपया दवाखान्यात विचारावं." पण ते पाठवायला हात धजत नाही. काय लिहू?
— एक हॉटेलवाला, धंतोली

भाऊ, पाठवलं नाहीत ते बरं केलंत. पण आज रात्री तुमचा पहिला फोन ताईंना जायला नको, धोब्याला जायला हवा.

मंगळवारी २०४ च्या चादरी आणि अभ्रे निघाले, गाठोड्यात बांधले गेले आणि दुपारपर्यंत बाहेर गेले असतील. धोब्याकडे काम साठलेलं असलं तर ते गाठोडं अजून न सोडता पडलेलं असू शकतं, आणि उद्या सकाळी ते भट्टीत जाईल. कानातली कुडी अभ्र्याच्या टोकात अडकते, दुहेरी चादरीच्या घडीत बसते. मी हाउसकीपिंगमध्ये सव्वीस वर्षं काढली. लहान दागिने जितक्या वेळा सापडले, त्यात धुलाईचं गाठोडं आणि बाथरूमच्या जाळीखालचा गाळ या दोन जागा सगळ्यात पुढे होत्या. धोब्याला एवढंच सांगा: "मंगळवारचं गाठोडं सोडू नका, मी माणूस पाठवतो." कारण सांगू नका. सांगितलंत तर उद्या अख्ख्या धंतोलीला माहीत होईल.

दुसरं काम सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचं. त्यात जागा भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. कुठे महिनाभर टिकतं, कुठे आठवडाही नाही, ते डिस्क केवढी आहे आणि कॅमेरे किती आहेत यावर ठरतं. शुक्रवारपासून मंगळवार दुपारपर्यंतचं दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजचं चित्रण आजच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. स्क्रीनसमोर मोबाइल धरून शूटिंग करू नका. पुढे प्रकरण पोलिसांत गेलं तर मूळ यंत्रातून काढलेली प्रत लागते, आणि ती कोणी, कशी काढली हे लिहून द्यावं लागतं. चित्रणावरचं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ यांत किती मिनिटांचा फरक आहे तेही टिपून ठेवा. लहान हॉटेलांत डीव्हीआर बऱ्याचदा काही मिनिटं मागे-पुढे असतो. मग कुलपाची १०:३८ ची वेळ आणि कॅमेऱ्यातली वेळ जुळत नाही आणि भलताच माणूस संशयात येतो.

आता त्या १०:३८ बद्दल. तुम्ही ती पुरावा म्हणून पाहताय, म्हणून जरा थांबून सांगते. कुलपाची मशीन कोणतं कार्ड लागलं ते सांगते, कोणत्या हातात होतं ते सांगत नाही. आणि मावशी साफसफाई कशी करतात? दाराला बादली किंवा पायपुसणं लावून दार उघडं ठेवतात, सगळीकडे तसंच करतात, आणि ते बरोबरच आहे. दार उघडं असताना तासाभरात कोणी आत डोकावलं, कोणी पाण्याच्या बाटल्या ठेवायला गेलं, तर मशीनमध्ये त्याची काहीच खूण नसते. म्हणजे ही नोंद मावशींना पकडत नाही आणि सोडवतही नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही फक्त मंगळवार पाहताय. ताईंनी पुडी शेवटची कधी पाहिली ते तुम्हाला कुठे माहीत आहे? ऑपरेशनला नेण्याआधी पेशंटचे दागिने उतरवून नातेवाईकांच्या हातात देतात, बहुधा कागदात नाहीतर रुमालात गुंडाळून. ती पुडी वॉर्डातून पर्समध्ये, पर्समधून ऑटोत, ऑटोतून खोलीत आली असेल. मध्ये ताई किती वेळा दवाखान्यात धावल्या असतील, किती रात्री झोपल्या नसतील! शनिवारी ड्रॉवरमध्ये ठेवल्याचं पक्कं आठवेल, पण मंगळवारी निघताना ड्रॉवर उघडून पाहिला होता का, ते आठवेलच असं नाही. शेवटचं पाहणं शनिवारचं निघालं, तर काळ शनिवार ते मंगळवार असा होतो आणि त्यात खोलीत रोज कोणी ना कोणी गेलेलं असतं. मावशी, पाण्याचा मुलगा, टीव्ही दुरुस्त करायला आलेला, कदाचित तुम्ही स्वतःही.

पण हे तुम्ही ताईंना सांगायचं नाही, विचारायचं. "दवाखान्यात विचारा" हे तुमचं वाक्य खरं ठरूही शकतं, तरी ते तुमच्या तोंडून गेलं की त्याचा अर्थ "तुम्हीच विसरलात" असा होतो. त्याऐवजी "पुडी शेवटची कधी, कुठे पाहिल्याचं आठवतं?" असं विचारा. विचार करता करता त्या स्वतःच दवाखान्यापर्यंत पोचतील, आणि पोचल्या नाहीत तरी तुम्ही त्यांना ढकललेलं नसेल.

तुमच्या मसुद्याचा पहिला अर्धा भागही तितकाच अडचणीचा आहे. "आमचा स्टाफ अत्यंत प्रामाणिक आहे." तुम्ही मावशींची बाजू घेतलीत, चांगलं केलंत, पण वाचणाऱ्याच्या मनात लगेच येतं, मग खोटं कोण बोलतंय, मी? खोली एक, माणसं दोन. एकाला प्रामाणिक म्हटलं की दुसऱ्याबद्दल न बोलताच बोलून होतं. म्हणून पत्रात कोणाच्याच स्वभावाबद्दल अक्षर नको. वस्तू, जागा आणि वेळ या तिन्हींच्या बाहेर पत्र जाऊ देऊ नका.

हे मराठीत अवघड आहे, कारण आपली क्रियापदंच आधी निकाल देऊन टाकतात. "कुड्या खोलीत राहिल्या" म्हटलं की विसरल्या ताई. "हरवल्या" म्हटलं तरी हरवणारी तीच. "चोरीला गेल्या" म्हटलं की चोर आला, आणि तुमच्या ताईंच्या लेखी तो झाडू घेऊन आला. "गहाळ झाल्या" हा शब्द सरकारी वाटतो आणि त्याला निष्काळजीपणाचा वास येतो. मी नेहमी "मिळत नाहीत" असं लिहायचे. ताईंनीही तोच शब्द वापरलाय बघा. त्यांचाच शब्द उचला, त्यावर कोणाला आक्षेप घेता येणार नाही.

तसंच "आपण तक्रार केली" असं न लिहिता "आपण कळवलं" लिहा. "आपल्या म्हणण्याप्रमाणे" तर अजिबात नको, त्यातून तुम्ही म्हणता, आम्ही मानत नाही असं ऐकू येतं. "चौकशी" नको, "शोध" लिहा. चौकशी माणसाची होते, शोध वस्तूचा. आणि शोध संपल्यावर "खोलीत कुड्या नव्हत्या" असं चुकूनही लिहू नका. "सापडल्या नाहीत" लिहा. "नव्हत्या" म्हटलं की ताईंचं म्हणणं खोटं ठरतं. "सापडल्या नाहीत" म्हणताना तुम्ही फक्त स्वतःच्या शोधाबद्दल सांगता, आणि तेवढंच तुम्हाला माहीत आहे.

सगळ्यात घातक शब्द "संबंधित". हा मी स्वतः लिहिला होता, म्हणून ठाऊक आहे. वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात होते तेव्हा एका पाहुण्यांच्या अंगठीबद्दल मी त्यांना कळवलं, "संबंधित कर्मचाऱ्याची कसून चौकशी सुरू आहे." मला वाटलं, किती तत्पर पत्र लिहिलं. त्या मजल्यावर एकच रूमबॉय होता, गोंदियाकडचा. पाहुण्यांनी ते पत्र रिसेप्शनवर येऊन मोठ्याने वाचून दाखवलं. अकराव्या दिवशी अंगठी बेसिनखालच्या पाइपाच्या वळणात सापडली, पण मुलगा तिसऱ्याच दिवशी पगार न घेता निघून गेला होता. फोन लावला तर लागायचा नाही.

म्हणून मॅनेजरचं ऐकू नका. मावशींना घरी बसवणं म्हणजे निकाल देणं, आणि ते ताईंना कळवणं म्हणजे तो निकाल लेखी देणं. उद्या कुड्या दवाखान्याच्या लॉकरमध्ये निघाल्या, तर त्या लेखी निकालावर मावशी बदनामीचा दावा लावू शकतात. नाही निघाल्या, तरी "हॉटेलनेच कबूल केलं" असा कागद ताईंच्या हातात असेल. एका वाक्याने दोन्ही बाजूंनी अडकाल.

भावाच्या बोर्डाचंही ऐकू नका. दिल्लीतल्या एका हॉटेलच्या पार्किंगमधून पाहुण्याची गाडी गेली, त्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं की "गाडीमालकाच्या जोखमीवर" असं छापल्याने हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. आता तिथे गाडीची किल्ली हॉटेलच्या माणसाच्या हातात दिली होती आणि तुमच्याकडे पुडी कोणी सोपवली नव्हती, हा फरक आहेच. म्हणून ड्रॉवरमधल्या प्रत्येक वस्तूची भरपाई तुमच्यावर आली असं मी म्हणत नाही. पण बोर्डाच्या भरवशावर पत्र लिहाल तर कोर्टात त्याचा उपयोग जेमतेम आणि ताईंच्या मनात राग मात्र पुरेपूर. खोलीत लॉकर असेल तर "लॉकर का वापरला नाही" हेही पहिल्या पत्रात नको.

पत्राआधी ताईंना फोन करा. त्या बोलतील ते ऐका, मध्ये तोडू नका, "झाडूवाली"वर वाद घालू नका. "मी सगळं तपासून तुम्हाला सांगतो" एवढंच म्हणा. फोननंतर अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवरच हे पाठवा:

"नमस्कार ताई. तुमचा निरोप मिळाला, आत्ता फोनवरही बोललो. दवाखान्याच्या या धावपळीत आईंच्या कुड्या मिळत नाहीत, हा घोर वाढला याचं वाईट वाटतं. आईंची तब्येत आता बरी असेल अशी आशा आहे.

२०४ क्रमांकाच्या खोलीतून धुलाईला गेलेले कपडे आम्ही थांबवले आहेत आणि ते उद्या सकाळी उलगडून पाहू. तुम्ही निघाल्यावर मंगळवारी खोली साफ झाली आणि दुपारी दुसऱ्या पाहुण्यांना दिली गेली. त्यांच्या सोयीने उद्या आतली प्रत्येक जागा पाहू. पॅसेजचं चित्रण आणि दाराच्या कुलपाची नोंद वेगळी काढून ठेवली आहे.

शोधायला मदत व्हावी म्हणून तीन गोष्टी कळवाल का? कुड्या दिसायला कशा आहेत (फोटो असल्यास उत्तम), पुडी कसल्या कागदाची होती, आणि ती शेवटची कधी, कुठे पाहिल्याचं आठवतं.

उद्या संध्याकाळी सहा वाजता, काही मिळो न मिळो, मी स्वतः फोन करीन."

यात "दिलगीर आहोत" नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. काय झालं तेच माहीत नसताना दिलगिरी कसली? वाईट वाटणं खरं आहे, तेवढंच लिहावं. किमतीची पावतीही मागितलेली नाही. वर्णन शोधासाठी लागतं, पावती भरपाईसाठी, आणि पहिल्याच दिवशी पावती मागितली की "तुमच्याकडे कुड्या होत्या कशावरून" असा सूर लागतो.

खोलीत आत्ता असलेले पाहुणे ही तुमच्या पत्रात न आलेली चौथी बाजू. ताई, मावशी, तुम्ही, आणि हे गृहस्थ, ज्यांचा कशाशी संबंध नाही पण तुम्ही दारावर टकटक केली की तेही घाबरतील. त्यांना म्हणा, "आधीच्या पाहुण्यांची एक लहान वस्तू मिळत नाही. तुमच्या सोयीने वीस मिनिटं खोली पाहू द्याल का? तुमच्या सामानाला हात लावणार नाही, तुम्ही समोरच बसा." नको म्हणाले तर चेकआउटपर्यंत थांबा आणि ताईंना तसं कळवा.

शोधायला दोघं जा, आणि त्यात मावशी नसाव्यात. त्यांच्यावर संशय आहे म्हणून नव्हे. वस्तू त्यांच्याच हाती लागली तर "तिनेच आणून ठेवली" असं बोलणारे उद्या निघतील, म्हणून. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, पुडी मागच्या फटीतून खालच्या फळीवर पडते. गादी आणि पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमधली फट, पडद्याची खालची शिवण, बेसिनखालचं पाइपाचं वळण, व्हॅक्यूम वापरत असाल तर त्याची पिशवी. कोणती जागा किती वाजता पाहिली ते वहीत लिहा आणि दोघांनी सह्या करा. दुसरं पत्र तुम्ही या वहीतूनच लिहिणार आहात.

आणि मावशींशी बोलणं. ते तुम्ही करा, भावाने नको, आणि केबिनचं दार उघडं ठेवून करा. शुक्रवारपासून २०४ मध्ये कामाला गेलेल्या प्रत्येकाला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा, म्हणजे मावशींना एकटं काढल्यासारखं होणार नाही. "घेतलं का" असा प्रश्न नाही आणि "काही पाहिलं का" असाही नाही. "मावशी, मंगळवारी २०४ उघडली तेव्हा खोली कशी होती? कुठून सुरुवात केली? ड्रॉवर पुसला का? कचरा कोणत्या पिशवीत टाकला?" असं विचारा. पिशवी तपासणं, ओटी झटकायला लावणं असलं काही करू नका. झडती घेणं पोलिसांचं काम आहे.

हे मी एवढं का लावून धरते, तर या प्रकरणात ना चोर ना विसरभोळा असा तिसराच मार्ग मला दिसतो. कागदाची चुरगळलेली पुडी. निघून गेलेल्या पाहुण्याच्या ड्रॉवरमध्ये औषधाची रिकामी पाकिटं, बिलं आणि त्यांच्यात एक कागदाचा बोळा. दहा वेळा त्या बोळ्यात वापरलेला कापूस असतो, आणि दवाखान्यातून येणाऱ्या पाहुण्यांचा कापूस कोण उघडून बघतं? मावशींनी उचलून टाकला असेल, आणि मनपाच्या कचरागाडीतून तो भांडेवाडीला पोचलाही असेल. मावशींना भीती नसेल तरच त्या म्हणतील, "हो भाऊ, एक बोळा होता खरा." घाबरल्या तर आयुष्यात म्हणणार नाहीत.

तसं निघालंच तर पत्राचा सूर बदलतो. मग लिहा, "साफसफाईच्या वेळी ड्रॉवरमधले कागद न उघडता कचऱ्यात गेले, त्यात पुडी असण्याची शक्यता आहे. हे आमच्या हॉटेलकडून झालं." मावशींचं नाव नाही, कारण ड्रॉवर उघडून तपासण्याची पद्धत तुम्ही घालून दिली नव्हती. भरपाईचं बोलणं मात्र लिहून करू नका, चंद्रपूरला जाऊन समोर बसून करा. अडीच-तीन तासांचा तर रस्ता.

काहीच नाही निघालं, आणि बहुतेक वेळा असंच होतं, तर उद्या सहाच्या फोननंतर हे पाठवा:

"नमस्कार ताई. आज सकाळी धुलाईचे कपडे एकेक उलगडून पाहिले. दुपारी खोलीतला ड्रॉवर, पलंग, पडदे आणि बाथरूमचा पाइप उघडून पाहिला. त्या दिवसांत खोलीत कामानिमित्त गेलेल्या सगळ्यांशी मी स्वतः बोललो. कुड्या अजून सापडल्या नाहीत. शोधाची लेखी नोंद आमच्याकडे आहे. हवी असल्यास पाठवतो. तुम्हाला पोलिसांत कळवायचं असेल तर आमचं ठाणं धंतोली पोलीस स्टेशन. चित्रण आणि कुलपाची नोंद आम्ही जपून ठेवली आहे, पोलिसांनी मागितल्यावर त्यांच्या हाती देऊ. पुढे केव्हाही काही मिळालं तर त्याच दिवशी तुम्हाला फोन येईल."

पोलिसांचं नाव काढायला घाबरू नका. ते धमकीसारखं वाटू नये म्हणूनच "कळवायचं असेल तर" असं लिहिलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हद्दीबाहेरच्या ठाण्यातही माहिती देता येते आणि ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. म्हणजे ताईंना पेशंट सोडून नागपूरला यायची गरज नाही. विचारलं तर हे त्यांना सांगा. चित्रण मात्र त्यांना थेट पाठवू नका, कितीही मागितलं तरी. त्यात इतर पाहुणे आहेत, मावशी आहेत, आणि चंद्रपूरच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ गेला की तुमची दोन्ही पत्रं वाया गेली. पुढच्या वेळी खोली फुकट देतो असंही आत्ता लिहू नका, तोंड बंद करायला दिल्यासारखं वाटतं.

उद्या मॅनेजर कदाचित म्हणेल, मावशींना निदान दोन दिवस सुटी द्या, वातावरण निवळेल. देऊ नका. सुटी दिली की अख्ख्या स्टाफला जे समजायचं ते समजेल. सकाळी त्यांना नेहमीसारखा दुसरा मजलाच द्या, आणि खोल्यांचं कार्ड तुम्ही स्वतः त्यांच्या हातात द्या, बाकीच्यांच्या समोर.